तक्त्याप्रमाणे क्रीपेज भरपूर, तरी पहाटेच लाइन ट्रिप का होते?

पहाटपाळी (धागाकर्ता)

मंडळी, मी १३२ केव्हीच्या एका उपकेंद्रात पाळीवर असतो. पश्चिमेला दोनेक किलोमीटरवर समुद्र, ईशान्येला अर्ध्या किलोमीटरवर सिमेंट दळण्याचा कारखाना. पाऊस थांबून पाच महिने झालेत.

गेल्या तीन आठवड्यांत आमची एकच लाइन चार वेळा ट्रिप झाली आणि एकदा यार्डातल्या एका सीटीवर, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, फ्लॅशओव्हर झाला, पोर्सिलेनवरून कमान गेली. वेळा बघा: ४.५०, ५.२०, ६.१०, ६.३५ आणि सीटीची ५.०५. दुपारी किंवा रात्री बारापर्यंत एकदाही नाही. रिलेवर दर वेळी एकच फेज आणि अर्थ. फॉल्ट लोकेटर १.२ ते २.६ किमीच्या मध्ये दाखवतो, म्हणजे यार्डाबाहेरचे पहिले काही टॉवर. तीन वेळा ऑटो रिक्लोज झालं आणि लाइन राहिली. एकदा नाही राहिली, पण दहा मिनिटांनी हाताने घेतली तर राहिली. पेट्रोलिंगवाल्यांना काहीच सापडत नाही. ना पक्षी, ना फांदी, ना पतंगाचा मांजा.

क्रीपेज, म्हणजे इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, कमी असेल म्हणून मीच हिशोब केला. टेन्शन स्ट्रिंगमध्ये १० डिस्क, प्रत्येकीचं क्रीपेज २९२ मिमी, एकूण २९२०. स्ट्रिंगवर फेज ते अर्थ व्होल्टेज १३२ भागिले १.७३२, म्हणजे ७६ केव्ही. २९२० भागिले ७६ केले की ३८ मिमी प्रति केव्ही. तक्त्यात अतिजड प्रदूषणालाही ३१ च लागतात. म्हणजे आपण वरच आहोत. मग चूक कुठे आहे? रिले तर खोटं बोलत नाही ना?

धडधाकट

अर्थिंग तपासा आधी. टॉवरचा फूटिंग रेझिस्टन्स वाढला असेल तर बॅक फ्लॅशओव्हर होतो. आमच्याकडे अगदी असंच झालं होतं, नवीन अर्थ पिट खणल्यावर थांबलं. लाइटनिंग अरेस्टरही बघून घ्या.

पहाटपाळी

वीज पडलेलीच नाही हो. आकाश निरभ्र, अरेस्टरचे काउंटर महिनाभर एकाच आकड्यावर आहेत. बॅक फ्लॅशओव्हरला वर वीज तर पडायला हवी?

धडधाकट

बरं, मग तो मुद्दा मागे घेतो. पण अर्थिंग तपासायला काही हरकत नाही.

जुनाजॉइंटर

रिले खरं बोलतोय. चूक तुमच्या भागाकारात आहे, आणि ही चूक फार जण करतात म्हणून सावकाश सांगतो.

तुम्ही ज्या तक्त्यातला ३१ घेतलात तो आयईसी ८१५ चा, १९८६ चा. त्यात १६, २०, २५, ३१ असे चार आकडे होते आणि ते फेज ते फेज व्होल्टेजवर होते. तेही १३२ वर नाही, त्या प्रणालीच्या कमाल व्होल्टेजवर, म्हणजे १४५ वर. २००८ मध्ये आयईसी ६०८१५ नव्याने आलं तेव्हा पाया बदलला. आता इन्सुलेटरवर प्रत्यक्ष जे व्होल्टेज पडतं, म्हणजे फेज ते अर्थ, त्याने भागायचं. त्यामुळे जुना प्रत्येक आकडा १.७३२ पट झाला: १६ चे २७.८, २० चे ३४.७, २५ चे ४३.३ आणि ३१ चे ५३.७. खाली अतिहलक्याचा २२ चा एक वर्गही जोडला.

तुम्ही भागाकार नव्या पद्धतीने केलात आणि उत्तर जुन्या तक्त्याला लावून पाहिलंत. आता एकाच पद्धतीने करा. जुन्या रीतीने २९२० भागिले १४५ म्हणजे २०.१. नव्या रीतीने १४५ भागिले १.७३२ म्हणजे ८३.७ केव्ही, आणि २९२० भागिले ८३.७ म्हणजे ३४.९. दोन्हीकडून उत्तर एकच येतं: तुमची स्ट्रिंग मध्यम प्रदूषणाला जेमतेम पुरेल एवढी आहे. दोन किलोमीटरवर समुद्र आणि बाजूला सिमेंट असताना मध्यम कोण म्हणेल?

आता यार्डातल्या पोस्ट इन्सुलेटरचं क्रीपेज सांगा. आणि ज्यावर फ्लॅशओव्हर झाला त्या सीटीचंही.

पहाटपाळी

अरे देवा. मी ३८ हा आकडा वरिष्ठांना लेखी दिलाय.

पोस्ट इन्सुलेटर ३६२५ मिमी. सीटीची नेमप्लेटही ३६२५ च म्हणते. पण पोस्टवर एकदाही काही झालं नाही, सीटीवर मात्र झालं. क्रीपेज सारखं असून हा फरक का?

जुनाजॉइंटर

३६२५ भागिले १४५ म्हणजे बरोबर २५. जड वर्ग. पोस्ट टिकले, यात नवल नाही.

सीटीचं पोर्सिलेन पोस्टपेक्षा जाड असतं. व्यास मोठा की परीघ मोठा, तेवढी ओल्या थराची वाट रुंद, आणि तेवढा गळती प्रवाह सहज वाहतो. जुन्या आयईसीमध्ये यासाठी गुणक होता: सरासरी व्यास ३०० मिमीपर्यंत १, ३०० ते ५०० ला १.१, त्याच्या वर १.२. टेप लावून बघा. शेडचा बाहेरचा व्यास आणि मधल्या दांड्याचा व्यास यांची सरासरी ३०० च्या वर निघाली तर त्या सीटीला जड वर्गासाठी ३६२५ नाही, साधारण ३९९० मिमी लागले असते. नेमप्लेट सारखी, पण ऐपत सारखी नाही.

खतकारखाना

माझं थोडं वेगळं. आमच्याकडे ३३ केव्हीचं बाहेरचं यार्ड आहे, युरियाच्या गोणी भरतात त्या शेडच्या मागे. आमच्या इथे धुकं पडतच नाही, तरी पिन इन्सुलेटरवर चरचर ऐकू येते आणि दोनदा पिनजवळ पोर्सिलेन तडकलं. समुद्र तर शंभर किलोमीटरवर. हे पण त्याच प्रकारात मोडतं का?

निळीशाई

मोडतं. धुकं दिसलंच पाहिजे असं नाही. मिठाचं उदाहरण घ्या: हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. खतातले क्षारही पाणी ओढतात, काही तर त्याच्या आधीच. डोळ्याला इन्सुलेटर कोरडा दिसतो आणि त्यावर वाहक पातळ थर तयार असतो. भिंतीवरचा मिठाचा डबा ओलसर लागतो तसंच.

पिनजवळ तडकण्याचं कारण वेगळं असू शकतं, सिमेंट फुगणं किंवा पिनेला गंज. ते या धाग्यात मिसळू नका, वेगळा धागा काढा.

पहाटपाळी

एक गोष्ट अजून कळत नाही. रात्रभर दव पडतं, मग रात्री दोनला का होत नाही? पाच-सहालाच का?

जुनाजॉइंटर

आधी हे की नुसता कोरडा थर निरुपद्रवी असतो. मीठ कोरडं असेल तर त्यातून प्रवाह जात नाही. मुसळधार पाऊसही बऱ्यापैकी निरुपद्रवी, कारण तो थर धुऊन नेतो. घात करतं ते मधलं ओलेपण: थर भिजेल पण वाहून जाणार नाही इतकंच पाणी. दव, धुकं, भुरभुर.

पहाटेचं असं असतं की पोर्सिलेन जड असतं. रात्रभर आकाशाकडे उष्णता सोडून ते हवेपेक्षा थंड होतं, म्हणून त्यावर दव बसतं. ते रात्रभर साचत जातं. सूर्य उगवल्यावरही हवा लवकर तापते, पोर्सिलेन मात्र मागे राहतं. म्हणून पहाटेपासून ऊन चढेपर्यंत त्यावर सर्वांत जास्त पाणी असतं. तोवर थर नुसता ओलसर असतो, त्यानंतर चांगला भिजतो. मग ऊन चढलं की सगळं वाळतं आणि पेट्रोलिंगची माणसं पोहोचेपर्यंत पुरावा गेलेला.

भिजल्यावर पुढे काय होतं ते डोळ्यांनी बघता येतं. ओल्या थरातून गळती प्रवाह वाहतो, आणि तो जिथे दाटतो, म्हणजे डिस्कमध्ये पिनेभोवती, तिथलं पाणी आधी उडून जातं. तिथे कोरडा पट्टा तयार होतो. बाकी सगळं ओलं म्हणजे वाहक, त्यामुळे जवळजवळ पूर्ण व्होल्टेज त्या अरुंद पट्ट्यावर येऊन पडतं. पट्टा ठिणगीने ओलांडला जातो. बहुतेक वेळा ठिणगी विझते. पण थरात क्षार पुरेसे असले तर मागून येणारा प्रवाह ठिणगीला पोसतो, ती लांबत जाते, शेजारच्या डिस्कवरच्या ठिणग्यांना जाऊन मिळते आणि शेवटी वरपासून खालपर्यंत एकच कमान. त्या कमानीने थर वाळतो, म्हणून ऑटो रिक्लोज टिकतं. तुमची लाइन तीनदा टिकली ती यामुळेच. चौथ्यांदा थर पुन्हा लगेच भिजला असावा.

पहाटे साडेचारला यार्डातले दिवे दहा मिनिटं मालवून उभे राहा. टोकाला जांभळट निळी मंद आभा दिसली तर तो कोरोना, तो वेगळा विषय. पिवळे-केशरी, लांबट, सरपटणारे ठिणगे दिसले आणि तेलात काही तळल्यासारखी चरचर आली तर तो हा रोग. कोणत्या फेजवर, कोणत्या डिस्कवर, हे लिहून ठेवा.

पहाटपाळी

काल पहाटे बघितलं. दुसऱ्या टॉवरच्या टेन्शन स्ट्रिंगवर, वाय फेजला, टॉवरकडच्या तीन डिस्कवर केशरी ठिणगे. सीटीच्या खालच्या भागातही. पोस्टवर काहीच नाही. अंगावर काटा आला, खरं सांगतो.

आता प्रश्न उपायाचा. साहेब म्हणतात, अग्निशमनाचा बंब बोलवून संध्याकाळी एक फवारा मारून टाका, झालं.

फवारा

साहेब बरोबर बोलतात. आम्ही दर दोन महिन्यांनी लाइन चालू असताना धुतो. प्रेशर चांगलं असलं की काहीही होत नाही, पाणी तुटक थेंबांत जातं म्हणून वीज उलटी येत नाही. वरून सुरुवात करायची, घाण खाली वाहून जाते, सोपं काम.

जुनाजॉइंटर

फवारा, तुमचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं कोणाचा तरी जीव घेईल, म्हणून सरळ सांगतो, रागावू नका.

पहिलं, पाणी. चालू लाइनवर धुवायला पाण्याची रोधकता किमान १५०० ओहम-सेंमीच्या वर हवी असा सर्वसाधारण दंडक आहे. मीटरच्या भाषेत साधारण ६६० मायक्रोसिमेन्स प्रति सेंमीच्या खाली. आम्ही स्वतः याच्या दुप्पट रोधकता असेल तरच टाकी भरायचो, आणि टाकी भरताना नाही तर कामाच्या ठिकाणी, दर टाकीला मोजायचो. बंबाच्या टाकीत कुठलं पाणी असतं ते बंबवाल्यालाही माहीत नसतं. समुद्राकाठच्या विहिरीचं असलं तर मोजायचीही गरज नाही, नको म्हणायचं.

दुसरं, दिशा. वरून सुरुवात केली की घाणीने दाट झालेलं पाणी अजून न धुतलेल्या, आता नुकत्याच भिजलेल्या शेडवरून पडद्यासारखं खाली येतं. ते एका शेडवरून दुसऱ्या शेडवर पडून सगळं क्रीपेज एका क्षणात ओलांडतं. म्हणून खालून वर धुवायचं, प्रत्येक टप्प्यावर खालचा भाग पुन्हा खळखळून घ्यायचा, आणि शेवटी वरून खाली एकच स्वच्छ हात. वारा कुठून आहे ते बघून, ज्या इन्सुलेटरवर तुषार उडून पडणार आहेत ते आधी धुवायचे. मी स्वतः एका ठिकाणी उभा होतो. एका मोठ्या बुशिंगवर माणसाने वरून पाणी सोडलं, निम्मं झालं आणि बुशिंगवर फ्लॅशओव्हर. माणूस वाचला, तेही अंतर आणि अर्थिंग नीट होतं म्हणून. बुशिंग गेलं.

आणि तुमची सीटी तर चालू स्थितीत धुवायलाच नको. जाड पोर्सिलेन, शेड जवळजवळ, पाण्याचा पडदा लवकर तयार होतो. परमिट घेऊन, लाइन बंद करून, अर्थ लावून, हाताने.

फवारा

आमच्याकडे आठ वर्षांत एकदाही झालं नाही.

जुनाजॉइंटर

तुमच्या स्ट्रिंग उभ्या, सस्पेन्शनच्या, आणि थर हलका असणार. तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. इथे लागू होत नाही एवढंच.

निळीशाई

धुवायच्या आधी मोजून घ्या, नाहीतर धुतल्यावर किती घाण होती ते कायमचं गेलं. मी हेच काम करते, म्हणून सांगते. बंद केलेल्या वेळेत एक डिस्क उतरवा. वरची बाजू आणि खालची बाजू वेगळी मोजा, हे महत्त्वाचं. साधारण २५५ मिमीच्या डिस्कची वरची बाजू ७०० चौसेंमी आणि खालची, शिरांसकट, ९०० च्या आसपास भरते, पण तुमच्या डिस्कच्या ड्रॉइंगमधला आकडा घ्या. प्रत्येक बाजूला २०० मिली डिस्टिल्ड पाणी, आधी त्या पाण्याची स्वतःची वाहकता मोजून. कापसाने पुसायचं, कापूस त्याच पाण्यात पिळायचा, एक थेंबही सांडायचा नाही. हातात मोजे, नाहीतर तुमच्या घामाचं मीठ मोजलं जाईल. कॅप आणि सिमेंटच्या जोडाला हात लावू नका.

मग हे सूत्र. यात ESDD म्हणजे दर चौसेंमीवर किती मिठाइतकी घाण बसली आहे तो आकडा:

```
Sa   = (5.7 × σ20)^1.03      σ20: S/m, Sa: kg/m³
ESDD = Sa × V / A            V: cm³, A: cm², ESDD: mg/cm²
```

σ20 म्हणजे २० अंशांची वाहकता. बहुतेक हातातले मीटर आकडा २५ अंशांवर आणून दाखवतात, तेव्हा साधारण १.१ ने भागा. हे विसरलं तर आकडा दहा टक्के फुगतो.

पाणी फेकू नका. ते गाळा, फिल्टर कागद वाळवून तोला. न विरघळणारी धूळ किती होती ते त्यातून कळतं. सिमेंटच्या शेजारी ती मोजल्याशिवाय अर्थ नाही, कारण ती धूळ टीपकागदासारखं पाणी धरून ठेवते.

पहाटपाळी

चार दिवसांनी परत आलो. शनिवारी शटडाउन मिळालं. पहिल्या डिस्कला मी चक्क नळाचं पाणी वापरलं आणि आकडा आभाळाला भिडला, ती वाया. दुसरी डिस्क नीट केली. ज्या तीन डिस्कवर ठिणगे दिसले होते त्यातलीच एक.

डिस्टिल्ड पाण्याची स्वतःची वाहकता ४ मायक्रोसिमेन्स, सोडून दिली. वरची बाजू: मीटरवर ६६०, म्हणजे २० अंशांना ६००, म्हणजे ०.०६. Sa आला ०.३३. ०.३३ गुणिले २०० भागिले ७०० म्हणजे ०.०९५. खालची बाजू: मीटरवर २२००, म्हणजे २०००, म्हणजे ०.२. Sa आला १.१४. गुणिले २०० भागिले ९०० म्हणजे ०.२५४.

मला वाटलं होतं वरची बाजू जास्त घाण असेल, दिसायला तीच पांढरी आहे. झालं उलटं. पूर्ण डिस्कची सरासरी ०.१८ येते.

धूळ: खालून ७२० मिलिग्रॅम, म्हणजे ०.८. वरून १०५० मिलिग्रॅम, म्हणजे १.५. पण वरचा पांढरा थर कापसाने निघालाच नाही, नखाने खरवडावा लागतो. जेवढं निघालं तेवढंच तोललंय.

निळीशाई

छान केलंत. आणि उलटं नाही, असंच असतं. दिसतो तो पांढरेपणा सिमेंटचा, मोजलं ते मीठ. खारा वारा शिरांच्या आत भोवऱ्यात फिरतो आणि मीठ तिथेच सोडतो. वर अधूनमधून दव टपकतं, थोडं धुतलं जातं. खाली काहीच पोहोचत नाही. म्हणून तुमच्या अग्निशमनाच्या फवाऱ्याने वरची बाजू चकचकीत झाली असती आणि रोग तसाच.

०.१८ आणि सोबत एवढी धूळ म्हणजे मध्यम तर नाहीच. जड नक्की, आणि वरची चिकटलेली धूळ धरली तर अतिजड. नव्या भाषेत तुम्हाला ४३.३ ते ५३.७ हवेत, आहेत ३४.९.

एक सावधगिरी. सिमेंटच्या धुळीत जिप्सम असतं. ते पाण्यात कमी विरघळतं, लिटरला दोनेक ग्रॅम. पण आपण २०० मिलीत धुतो, तेवढ्या पाण्यात बरंचसं विरघळून जातं, आणि दवाच्या पातळ थरात तेवढं कधीच विरघळलं नसतं. त्यामुळे सिमेंट आणि जिप्समच्या जागी हा आकडा थोडा वाढीव येतो. तुमच्या वरच्या बाजूच्या ०.०९५ वर म्हणून मी फार भरवसा ठेवणार नाही. खालचा ०.२५४ मात्र मिठाचा आहे.

सिलिकॉनवेडा

एवढा हिशोब कशाला, सगळ्यावर आरटीव्ही, म्हणजे सिलिकॉन रबराचा लेप, मारून टाका. एकदा मारलं की दहा वर्षं विसरा. पाणी मण्यांसारखं थांबतं, सलग थर बनतच नाही, मग गळती कुठून.

कोरडापट्टा

आरटीव्हीचा मीही भक्त आहे, पण "विसरा" म्हणू नका.

त्याची खरी करामत पाणी झटकणं ही नाही, ते काचही थोडा वेळ करते. करामत ही की आतलं हलकं सिलिकॉन हळूहळू वर झिरपतं आणि वर बसलेल्या धुळीलाही पाणी झटकणारं बनवतं. म्हणून घाण बसली तरी काम चालतं. पण झिरपायला वेळ लागतो, काही तासांपासून काही दिवसांपर्यंत. धूळ ज्या वेगाने बसते त्या वेगाने झिरपणं झालं पाहिजे. दुसरं, सलग तीन-चार दिवस धुकं राहिलं, ठिणग्या झाल्या, की पृष्ठभाग तात्पुरता पाणी धरायला लागतो. मग कोरडं झाल्यावर सावरतो. त्या मधल्या काळासाठी त्यात ॲल्युमिनाचं हायड्रेट घातलेलं असतं, ठिणगीने लगेच जळून खड्डा पडू नये म्हणून.

तुमच्या सीटीला आरटीव्ही उत्तम. क्रीपेज वाढवता येत नाही, चालू धुता येत नाही, मग तोच रस्ता. पण करताना: आधी पूर्ण स्वच्छ, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं, त्याच दिवशी फवारणी. सुकल्यावर जाडी ०.३ ते ०.५ मिमी. शेडच्या खालच्या बाजूला हात कमी पोहोचतो, तिथेच पातळ राहतं. ओल्या फिल्मच्या गेजने शेडखाली मोजायला लावा, ठेकेदार वरच्या बाजूला मोजून दाखवतो. आणि एकदा मारल्यावर त्यावर जोराच्या फवाऱ्याने धुणं बंद. कडा सुटतात, मग सोलून निघतं.

दर वर्षी एकदा साध्या फवाऱ्याच्या बाटलीने, लाइन बंद असताना, पाणी मारून बघायचं. पाणी झटकण्याचे एचसी नावाचे सात वर्ग आहेत: वेगळे गोल थेंब म्हणजे एचसी १, सलग ओली फिल्म म्हणजे एचसी ७. चार-पाच दिसायला लागलं की लक्ष ठेवायचं.

सिलिकॉनवेडा

मग स्ट्रिंगवरही मारायला काय हरकत?

कोरडापट्टा

स्ट्रिंगवर तो पांढरा पापुद्रा आहे ना, नखाने खरवडावा लागतो तो. सिमेंट दवाने भिजून डिस्कवर घट्ट झालंय. त्याच्यावर आरटीव्ही मारलं तर ते पोर्सिलेनला नाही, पापुद्र्याला चिकटेल. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही एकदम सोलून लोंबतील, आणि लोंबणारी पट्टी शेजारच्या डिस्कपर्यंत पोहोचली तर विचारूच नका. आधी पापुद्रा काढा. शंभरेक डिस्क हाताने घासून, डिग्रीज करून, टॉवरवर फवारणी करण्यापेक्षा डिस्क बदलणं सोपं.

जुनाजॉइंटर

सिलिकॉन ग्रीसचं कोणी नाव काढलं नाही म्हणून बरं वाटलं. आमच्या काळी तेच होतं. धूळ गिळून गिळून ग्रीस भरून जातं, मग त्याच्या आत ठिणग्या, पोर्सिलेनला चरे. आणि जुनं ग्रीस चिंध्यांनी काढायचं काम ज्याने केलंय त्याने पुन्हा कधी ग्रीस सुचवलं नाही.

स्ट्रिंगबद्दल: त्याच अंतराच्या अँटीफॉग डिस्क मिळतात, ४३२ मिमी क्रीपेजच्या. दहा लावल्या तर ४३२०, भागिले ८३.७ म्हणजे ५१.६. अतिजडच्या जरा खाली, पण ३४.९ पेक्षा कितीतरी बरं. अकरावी लावली तर ४७५२, म्हणजे ५६.८. पण स्ट्रिंग १४५ मिमीने लांबेल, टेन्शनला चालेल, जंपरचं अंतर मात्र पुन्हा तपासा.

निळीशाई

अँटीफॉगबद्दल मला शंका आहे, काका. तिच्या खालच्या शिरा खोल असतात. समुद्री धुक्याला ते चांगलं, कारण खाली संरक्षित कोरडा भाग राहतो. पण सिमेंट त्या खोल शिरांमध्ये बसेल आणि निघणार नाही. दोन शिरांमधली फट भरली की कागदावरचे ४३२ मिमी प्रत्यक्षात ३०० होतात. ठिणगी शिरेच्या आत उतरतच नाही, टोकावरून टोकावर जाते. नुसतं क्रीपेज वाढवून चालत नाही ते याच कारणाने. धुळीच्या जागी उलट सपाट, शिरा नसलेली, वाऱ्याने साफ होणारी डिस्क बरी. पण तिचं क्रीपेज कमी, आणि समुद्राला ती टिकत नाही.

जुनाजॉइंटर

मुद्दा खरा आहे. दोन्ही शत्रू एकाच जागी असले की कोणतीच डिस्क पूर्ण बरोबर नाही. मी तरी अँटीफॉगकडेच जाईन, कारण मोजमापात घात मिठाने केलाय, सिमेंटने नाही. सहा महिन्यांनी शिरा उघडून बघा म्हणजे कोण बरोबर ते कळेल.

निळीशाई

सहा महिने नाही, बारा. मधला पावसाळा शिरा थोड्या धुईल, म्हणजे निकाल फसवा. आणि सिलिकॉन रबरच्या लांब रॉडचा विचार का नको? शिरा नाहीत, शेड मोकळे, ४७०० मिमी सहज मिळतं.

जुनाजॉइंटर

टेन्शनवर आत काय चाललंय ते दिसत नाही म्हणून मी कचरतो. पोर्सिलेनची डिस्क गेली तर मोजता येते, काचेची गेली तर खालूनच दिसते. रॉड आतून जळत गेला तर तार खाली आल्यावर कळतं. माझं वय झालंय, असंही म्हणा.

धडधाकट

काचेच्या डिस्क मग? काच गुळगुळीत, तिला घाण चिकटत नाही ना.

कोरडापट्टा

चिकटते. ओली मिठाची फिल्म काचेवरही तेवढीच वाहक. काचेचा फायदा फुटली की दिसते हा, घाणीचा नाही.

पहाटपाळी

अहवाल देऊन ठेवतो, पुढे कोणाला उपयोग होईल.

३८ चा आकडा दुरुस्त करून नवं पत्र दिलं. टेप लावून सीटीचा सरासरी व्यास मोजला, ३२० मिमी आला, म्हणजे १.१ चा गुणक लागतो. पुढच्या शटडाउनला तीनही सीटी हाताने साफ करून आरटीव्ही करायचं ठरलं. तोवर त्या सीटी आणि पहिल्या सहा टॉवरच्या स्ट्रिंग लाइन बंद करून, नायलॉनच्या ब्रशने आणि डिमिनरलाइज्ड पाण्याने, खालच्या शिरांमध्ये बोट घालून धुतल्या. गेले नऊ दिवस ट्रिप नाही. तीन दिवस दाट दव होतं, पहाटे बघितलं, ठिणगे नाहीत.

दुसऱ्या टॉवरवर वाय फेजला दहा अँटीफॉग, तिसऱ्यावर रबर रॉड असं लावायची परवानगी मागितलीय, दोघांचंही ऐकलं. यार्डाच्या कुंपणाजवळ व्होल्टेज नसलेली पाच डिस्कची एक स्ट्रिंग टांगली आहे. दर पंधरा दिवसांनी त्यातली एक डिस्क मोजायची. खालच्या बाजूचा आकडा ०.१ च्या वर गेला की पुन्हा धुवायचं, असं सध्या ठरवलंय.

पापुद्र्याचं मात्र जमलं नाही. ब्रशने नाही, पाण्याने नाही. एका माणसाने सौम्य ॲसिड सुचवलं.

जुनाजॉइंटर

सायट्रिक ॲसिडने सिमेंट सुटतं, पण ते कॅप आणि पिनेचं जस्तही खातं. खाली उतरवलेल्या डिस्कवर करून बघा, टॉवरवर नको. दोन मिनिटं, मग भरपूर पाणी, मग शेवटच्या पाण्याची वाहकता मोजा. ॲसिडचा क्षार राहिला तर मिठाच्या जागी दुसरं मीठ बसवलंत एवढंच होईल.

०.१ ही मर्यादा कुठून काढली?

पहाटपाळी

ठिणगे दिसले तेव्हा २५४ होते आणि... चुकलो, ०.२५४. त्याच्या निम्म्याहून खाली ठेवलंय. शास्त्र नाही, अंदाज.

निळीशाई

व्होल्टेज नसलेली स्ट्रिंग आणि चालू स्ट्रिंग सारखी घाण होतात असं धरू नका. वाऱ्याची दिशा, उंची, दोन्ही वेगळं. पुढच्या शटडाउनला चालू स्ट्रिंगमधली एक डिस्क उतरवून त्याच दिवशी दोन्ही मोजा. तिथे किती पट फरक येतो ते इथे लिहा, मग ०.१ वर बोलू.